फोटोओळीतला बिबट

फेब्रुवारीत आमच्याकडे हरभऱ्याची सोंगणी चालू असते. त्या दिवशी सकाळी सात वाजता पाच बाया यायच्या होत्या. आल्या नाहीत. आठच्या सुमारास त्यांच्यातली एक एकटीच आली आणि बांधावरूनच म्हणाली, "गुरुजी, आमी नाई येत आज. पेपरात बिबट छापून आला हाय."

पांढरकवड्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला या वाक्याचं वजन समजावून सांगावं लागत नाही. 2018 मध्ये टी-वन वाघिणीच्या दहशतीखाली पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यातली माणसं कापूस वेचायला कशी जात होती, हे आम्ही पाहिलं आहे. वाघीण 2 नोव्हेंबरला मारली गेली. भीती इतक्या लवकर गेली नाही.

पेपर मागवला. पान पाचवर तीन कॉलमी फोटो होता: प्लास्टिकचं कॅरेट, त्यात तीन पिल्लं आणि एक पिल्लू हातमोजे घातलेल्या हातात उचललेलं. खाली ओळ होती, "बिबटाच्या चार पिल्लांना जीवदान". बातमीत शिवाराचं नाव होतं. आमच्यापासून दीड-दोन किलोमीटरवर, रचून ठेवलेल्या पऱ्हाटीच्या ढिगात पिल्लं सापडली होती.

पहिल्या नजरेतच मला ती बिबटाची वाटली नाहीत. तेहतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवल्यामुळे चूक दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. मी लगेच कागद घेऊन लिहून टाकलं, "ही पिल्ले वाघाटीची आहेत." वाघाटी म्हणजे घरच्या मांजरापेक्षाही लहान असलेलं रानातलं मांजर. उसात किंवा पडीक रानात तिची पिल्लं सापडली की ठिपके पाहून लोक बिबटाची समजतात. मला तो प्रकार ऐकून माहीत होता, म्हणून तेच नाव ओठांवर आलं. नशीब, पत्र टाकण्याआधी भिंग काढलं.

बिबटाच्या पिल्लाच्या अंगावर ठिपक्यांची दाटी असते. डोकं, पाय, पाठ कुठेही मोकळी जागा सापडत नाही. पंजे अंगाच्या मानाने जाड असतात, कान आखूड आणि गोल असतात, आणि कानाच्या मागच्या काळ्या भागावर पांढरा ठिपका असतो. फोटोतल्या पिल्लांचा रंग मातकट पिवळा होता आणि बाजूला पुसट पट्ट्यांसारखे डाग होते. हातातल्या पिल्लाचा कान उंच, टोकाकडे निमुळता होता आणि त्या टोकाला काळसर केसांची बारीक शेंडी होती. इथे बिबटही बाद झाला आणि माझी वाघाटीही. वाघाटीचे कान लहान, गोलसर असतात, तिच्या कपाळावरून मानेकडे ठळक रेघा जातात आणि शेपटीवर कडी नसतात. या पिल्लाची शेपटी हातमोज्याखालून जेमतेम दोन इंच बाहेर आली होती, पण तेवढ्यातही दोन काळी कडी स्पष्ट मोजता आली.

म्हणजे ते होतं साधं रानमांजर. गोंधळ का होतो तेही उघड आहे. मोठ्या रानमांजराचं अंग जवळजवळ एकरंगी असतं. पायांवर आणि शेपटीवर काय ते पट्टे उरतात. पिल्लाच्या अंगावर मात्र डाग असतात, ते वाढताना विरून जातात. मोठं मांजर रोज धुऱ्यावरून जाताना पाहणाऱ्या शेतकऱ्यालाही त्याचं पिल्लू परकं वाटतं.

पहिला कागद फाडला. दुसऱ्या पत्रात बिबटाच्या सवयी, आजच्या पत्रकारितेची अवस्था वगैरे घातलं आणि दोन पानं झाली. ती पत्नीने वाचली. म्हणाली, "यातलं पिल्लू कोणतं?" तिसरं पत्र असं झालं:

"मा. संपादक, आपल्या अंकात पान पाचवर प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राखाली 'बिबटाच्या चार पिल्लांना जीवदान' असे म्हटले आहे. ही पिल्ले रानमांजराची आहेत. हातात धरलेल्या पिल्लाच्या कानाचे टोकदार, शेंडी असलेले टोक आणि शेपटीवरची काळी कडी आपल्याच छायाचित्रात दिसतात; बिबटाच्या पिल्लाचे कान गोल असतात आणि अंगभर दाट ठिपके असतात. बातमीत गावाचे नाव असल्याने परिसरातील मजूर शेतात जाण्यास घाबरत आहेत. 'छायाचित्रातील पिल्ले रानमांजराची असून बिबटाची नाहीत' एवढी दुरुस्ती त्याच पानावर द्यावी, ही विनंती."

अंकाची तारीख, आवृत्ती, माझं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला. छापायचं वाक्य मीच लिहून दिलं, कारण दुरुस्ती करताना नवी चूक होण्याची शक्यता मी स्वतः सकाळीच अनुभवली होती. पुरावाही त्यांच्याच फोटोतला दिला. माझ्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवण्याची गरज नव्हती, भिंग पुरेसं होतं.

पण पत्राने पिल्लांचं काही होणार नव्हतं. ती आईपासून उचलली गेली होती. म्हणून पत्र पाठवण्याआधी ओळखीच्या वनरक्षकाला फोन केला. तो म्हणाला, "गुरुजी, आम्हालाही मांजराचीच वाटली होती, पण गावकऱ्यांनी बिबटच लावून धरला. उचलली नसती तर ढीगच पेटवून दिला असता." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. जुन्नरकडे उसात सापडलेली बिबटाची पिल्लं सुद्धा पुन्हा त्याच जागी ठेवून आईशी भेट घडवतात, वाघाटीचीही तशीच घडवली आहे, एवढं त्याला सांगितलं. त्याने वरिष्ठांना विचारलं आणि त्याच संध्याकाळी कॅरेट घेऊन आला.

जागा तीच लागते. पऱ्हाटीच्या ढिगाला टेकून पिल्लं कॅरेटमध्येच ठेवली, वर झाकण नाही, कडा मांजर सहज आत जाईल इतक्या बुटक्या. आम्ही लांब जाऊन बसलो. मालकाने कुत्री बांधली. रात्रभर काही दिसलं नाही. सकाळी कॅरेटमध्ये दोन पिल्लं होती. आई एकेक उचलून नेते, हे माहीत असूनही मन उगाच कोल्ह्याकडे गेलं.

त्याच दिवशी दुपारी उपसंपादकाचा फोन आला. आवाजावरून तरुण होता. फोटोबरोबर मोबाइलवर जी ओळ आली ती त्याने छापली होती. वार्ताहराला ती शेतात जमलेल्या गर्दीतून मिळाली होती. "सर, शेपटीची कडी दिसली मला आता," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पान पाचवर, खालच्या कोपऱ्यात दुरुस्ती आली. मी दिलेलं वाक्य तसंच होतं. अक्षर बारीक होतं, पण त्याला काय करणार.

ते कात्रण घेऊन बायांच्या वस्तीवर गेलो आणि वाचून दाखवलं. पहिल्या दिवशी निरोप द्यायला आलेली बाई सगळं ऐकून म्हणाली, "मंग त्यायची माय तिथंच फिरत असन ना, गुरुजी?" पेपरवाल्याने, वार्ताहराने, गर्दीतल्या कुणीही हे विचारलं नव्हतं. बिबटाच्या आईच्या धास्तीने तीन दिवसांची मजुरी बुडवणाऱ्या बाईने विचारलं. दुसऱ्या दिवशी पाचही जणी सोंगणीला आल्या.

तोवर कॅरेट रिकामं झालं होतं. भोवतीच्या मऊ मातीत पावलं उठली होती: गोल, चार बोटांची, नखांची खूण नसलेली. बाजूला काडेपेटी ठेवून पाहिलं. पाऊल तिच्यापेक्षा लहान भरलं. बिबटाच्या पावलाखाली अख्खी काडेपेटी झाकली गेली असती. मोबाइलवर फोटो काढला आणि विसरण्याआधी त्याखाली लिहिलं: "रानमांजर, बहुधा आई."