निळी खूण आणि सातची पाळी

मांजरी बुद्रुकला राहणारी माझी भाची एका औषध कंपनीत पाळीवर काम करते. सकाळी सातची पाळी असली की ती सव्वासहाला कंपनीची बस पकडते. निर्जंतुक विभागात शिरताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, तो दुपारी तीननंतरच हातात येतो. तिला पाहायला आलेला मुलगा मुळा-मुठेपलीकडे खराडीत, आयटी कंपनीत. त्याचा फोन दिवसभर टेबलावर असतो. दोन्ही घरांनी त्यांना सांगितलं, "महिनाभर बोला, मग काय ते ठरवा."

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. त्याने सकाळी नऊला लिहिलं, "रविवारी भेटायचं का?" फोन लॉकरमध्ये चालूच होता, त्यामुळे मेसेज पोचला आणि दोन करड्या खुणा उमटल्या. उत्तर आलं चार वाजता. मधल्या सात तासांत त्याने एक अर्थ काढला होता: हिला रस नाही. पुढच्या वेळी तिचा मेसेज आला तेव्हा त्याने तो मुद्दाम रात्रीपर्यंत तसाच ठेवला. एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने व्हॉट्सॲपची निळी खूणही बंद केली. ही खूण २०१४ मध्ये आली, आणि ती बंद करायची सोय एकतर्फी नाही. आपली खूण लपवली की समोरच्याचीही दिसत नाही. आता तिने मेसेज वाचला की नाही, हे त्यालाच कळेना.

मुद्दाम उशीर केला की ओढ वाढते, हे त्याला मित्राने सांगितलं होतं. या समजुतीला एका प्रयोगाचा आधार देता येतो, म्हणून तो नीट पाहायला हवा. २०११ मध्ये अमेरिकेत ४७ विद्यार्थिनींना काही तरुणांची फेसबुक प्रोफाइलं दाखवली गेली. ज्यांना 'यांना तू किती आवडलीस ते नक्की नाही' असं सांगितलं, त्यांना ते तरुण सर्वांत आकर्षक वाटले. पण त्या मुली त्या तरुणांशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. ज्याच्याशी रोज बोलायचं आणि महिन्याने होकार-नकार द्यायचा, त्याच्याबाबत हा निष्कर्ष लावणं मला पटत नाही.

मला जास्त उपयोगी वाटतो तो लॉरा जिर्गे आणि व्हॅनेसा बोन्स यांचा २०२१ मधला अभ्यास. कामाच्या वेळेनंतर आलेल्या ईमेलला उत्तर किती लवकर हवं असेल, याचा अंदाज घेणारा माणूस पाठवणाऱ्याच्या खऱ्या अपेक्षेपेक्षा जास्त घाई गृहीत धरतो. 'घाई नाही' अशी एक ओळ पाठवणाऱ्याने लिहिली तर हा गैरसमज कमी होतो. अभ्यास ऑफिसातला असला तरी ती ओळ इथेही चालते.

भाचीने नेमकं तेच केलं. तिने लिहिलं, "सातच्या पाळीला फोन आत नेता येत नाही. साडेतीननंतर पाहते. तू कधीही पाठव, लगेच उत्तर दिलं नाही तर गैरसमज नको." आठवड्याचं पाळीचं वेळापत्रकही पाठवलं. त्यानेही सांगितलं की दुपारी तो मीटिंगमध्ये असतो, निवांत उत्तर रात्री जेवणानंतर देतो. त्यानंतर चार वाजता आलेलं उत्तर त्याला उशिराचं वाटेना, कारण ते सांगितलेल्या वेळेला येत होतं.

मेसेजमध्येही फरक असतो. वडापावचा फोटो संध्याकाळपर्यंत थांबतो. रविवारचा प्रश्न थांबत नाही, कारण समोरच्याला आपला रविवार मोकळा ठेवायचा असतो. उत्तर तयार नसेल तर "पाहिलं, घरी विचारून रात्री सांगते" एवढं पुरतं, मात्र रात्री खरंच सांगायला हवं. 'नंतर सांगते' लिहून विसरणारा माणूस आणि तेवढ्यात स्टेटस बदलत राहणारा माणूस, यांच्याबद्दल शंका घ्यावी. अनास्था घड्याळात दिसत नाही, ती उत्तरात दिसते. विचारलेल्या तीन गोष्टींपैकी एकीलाच उत्तर येतं, उलट प्रश्न येत नाही, विषय दर वेळी आपणच सुरू करतो. उलट बाजूही आहेच. पाळीची वेळ ठाऊक असून कुणी दर तासाला "कुठे आहेस?" विचारत असेल, तर तो उत्तराच्या वेगाचा प्रश्न राहत नाही, आणि ते घरच्यांच्या कानावर घालावं.

तिसऱ्या आठवड्यात रात्री अकराला त्याने विचारलं, लग्नानंतर रात्रपाळी चालू ठेवणार का? तिने लगेच लिहिलं, "वाचलं. हे मेसेजवर नको, रविवारी बोलू." रविवारी हडपसरला भेटल्यावर तिने उलट विचारलं, तुझ्या घरी ते चालेल का? त्याने आईशी बोलायला बुधवारपर्यंत वेळ मागितला. बुधवारी संध्याकाळी त्याचा फोन आला, आणि त्यात आईच्या दोन हरकतीही त्याने न लपवता सांगितल्या.