तीस सेकंदांतलं मीठ-साखरेचं पाणी

आमच्या मोहल्ल्यातल्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात एक टीव्ही आहे. पावसाळा सुरू झाला की जुलाब लागलेली लेकरं घेऊन आया येतात. त्यांच्यासाठी तीस सेकंदांची एक चित्रफीत करायची होती आणि तिची संहिता माझ्याकडे आली. सोबत डॉक्टरांनी दिलेले मुद्दे होते: हात धुणे, उकळलेलं पाणी, ओआरएस, झिंकच्या गोळ्या, अंगावरचं दूध, धोक्याची लक्षणं. मुद्दे सगळे बरोबर, पण ती यादी होती. यादी ऐकणाऱ्या आईला यातलं आपल्यासाठी काय आहे, हे कळायला वेळ लागतो.

आधी शब्द मोजावे लागतात. सावकाश, समजेल असं मराठी बोलायचं तर सेकंदाला दोन शब्द धरावेत. म्हणजे हातात साठच शब्द. त्यांत तीन गोष्टी बसवायच्या: अडचण, वळण आणि हाती लागणारी कृती.

अडचण म्हणून 'जुलाब हा गंभीर आजार आहे' असं लिहिलं, तर ते विधान झालं. आईची अडचण वेगळी असते. पाणी पाजलं की लगेच जुलाब होतो, असं ती डोळ्यांनी पाहते आणि पाणी बंद करते. तिच्या दृष्टीने यात तर्क आहे. सुरुवात तिथूनच हवी, तिला दोष न देता.

वळण म्हणजे त्या तर्कालाच हात घालणारं एक वाक्य. इथे मला एक मोह होता. आतड्यात साखर आणि मीठ एकत्र शोषले जातात, त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं, आणि जुलाब चालू असतानाही हे काम सुरू राहतं. ओआरएसमागचं हे विज्ञान फार सुंदर आहे. पण ते 'साखर कशाला?' या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि या आईने तो प्रश्न विचारलेलाच नाही. तीस सेकंदांत एकच वळण मावतं. म्हणून विज्ञान दुसऱ्या चित्रफितीसाठी ठेवलं.

शेवटी संहिता अशी झाली:

"बाळाला जुलाब लागलेत. पाणी पाजलं की पुन्हा होतात, म्हणून आईनं पाणीच बंद केलं.

पण बाळाला खरा धोका अंगातलं पाणी संपण्याचा आहे. गेलं तेवढं परत भरायचं.

ओआरएसचं पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. प्रत्येक जुलाबानंतर थोडं थोडं पाजा. अंगावरचं दूध चालू ठेवा. बाळ मलूल झालं किंवा पिईना, तर लगेच दवाखान्यात."

अठ्ठावन्न शब्द. अडचणीला साडेसहा सेकंद, वळणाला सहा, आणि उरलेला निम्म्याहून जास्त वेळ कृतीला. अशा संहिता बहुतेक वेळा इथेच बिघडतात: भीती दाखवण्यात पंधरा सेकंद जातात आणि शेवटी 'काळजी घ्या' एवढंच उरतं. काळजी तर ती आई घेतच होती!

कृतीत मापाची चूक परवडत नाही. एका पेल्यात कुणी अर्धा चमचा मीठ घातलं, तर पाणी चार-पाच पट खारट होईल आणि ते बाळाला घातक आहे. म्हणून संहितेत पेला हा शब्द कुठेच नाही. पडद्यावर लिटरची बाटली दिसते आणि चमच्यावरची साखर सुरीने सपाट करणारा हात दिसतो. सपाट म्हणजे किती, हे शब्दांपेक्षा चित्र लवकर सांगतं.

वळण खरं आहे का, हे तपासायची सोपी रीत आहे. मधली दोन वाक्यं झाकून संहिता वाचा. आई पाणी बंद करते आणि लगेच कृती येते. तिने आपलं मत का बदलावं, याचं कारण हरवतं. ती वाक्यं झाकूनही काही बिघडत नसेल, तर ते वळण नव्हतं, भरती होती.

कृतीची परीक्षा मात्र कागदावर होत नाही. 1980च्या दशकात बांगलादेशात ब्रॅक संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवत. पुढे तपासनीस जाऊन पाहत, आईला किती आठवतं, पाणी बरोबर करता येतं का. कार्यकर्तीचं मानधन त्यावर ठरे. आम्हीही चित्रफीत एकदाच दाखवून एका खालांपुढे बाटली, साखर, मीठ आणि चमचा ठेवला. त्यांनी सहा चमचे साखर बरोबर घातली आणि मिठाशी थांबून विचारलं, "हाच चमचा ना?" त्यानंतर मिठाच्या दृश्यातही तोच चमचा जवळून दाखवला. शब्द मात्र एकही वाढवला नाही.