टिपरू थांबतं तिथे

पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीचे फोटो घेऊन एक विद्यार्थिनी आली. अंधार पडल्यावर लक्ष्मी रोडवर काढलेले, सगळे ढोलपथकाचे आणि जवळपास सगळे धूसर. "सर, लेन्स बदलू का?" तिने विचारलं. लेन्सला हात लावण्याआधी मी तिला फोटो मोठे करून बघायला लावले. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर प्रत्येक फोटो ठीकच दिसतो.

काही फोटोंत दिव्यांसकट सगळं एकाच दिशेला ओढलं गेलं होतं. तिथे कॅमेरा हलला होता. काहींत चेहरा स्वच्छ, पण टिपरू धरलेल्या हाताचा फराटा. तिथे हात शटरपेक्षा चपळ ठरला. उरलेल्यांत वादक पुसट आणि त्याच्या मागच्या ध्वजाची शिवण मात्र रेखीव. फोकस होता, पण नको तिथे बसला होता. हा शेवटचा दोष मला सर्वांत बोलका वाटतो.

तिची ५० मिमीची लेन्स एफ १.८ वर पूर्ण उघडी होती, शटर १/३० आणि आयएसओ ८००. वादक दोन मीटरवर. तिच्या कॅमेऱ्यात इतक्या जवळून जेमतेम अकरा-बारा सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. ढोलवादक ठेक्यावर पुढे-मागे झुलतो, त्यापेक्षा हा पट्टा अरुंद. तिने बटण अर्धं दाबून फोकस धरला आणि पुरतं दाबेपर्यंत माणूस पट्ट्याबाहेर गेला. चार मीटरवर उभं राहिलं, तर तोच पट्टा साधारण चौपट होतो. माणूस लहान दिसतो, पण झुलायला जागा मिळते.

उजेडाचं गणित याहून अवघड. १/३० वरून १/२५० वर जायचं, तर आठपट प्रकाश भरून काढावा लागतो. आयएसओ ३२०० केल्यावर चौपट मिळाला, फोटोत थोडे दाणे आले, ते मला चालतात. उरलेला दुप्पट उजेड मात्र शोधावाच लागतो.

पुढच्या वर्षी पथकांचा सराव सुरू झाला, तेव्हा नदीकाठच्या एका मांडवात मी तिला नेलं. हॅलोजनच्या उजेडात एक जागा ठरवली, तिथल्या जमिनीवर फोकस पक्का करून ऑटोफोकस बंद केला. वादक त्या जागी येईपर्यंत बटण दाबायचं नाही, एवढंच सांगितलं. बराच वेळ तिने एकही फोटो काढला नाही, फक्त टिपरू बघत राहिली. वर गेलेला हात खाली वळण्याआधी क्षणभर जवळजवळ थांबतो, हे तिचं तिलाच दिसलं. त्या क्षणाला काढलेल्या फोटोत टिपरू, मूठ आणि डोळे तिन्ही स्पष्ट आले. थाप मारणारा डावा हात किंचित पुसट राहिला. तो तसाच असू दे, असं मी तिला सांगितलं. १/१००० वर दोन्ही हात गोठले असते आणि ढोल वाजतोय हे फोटोत कळलंच नसतं.

सध्या ती ताशाच्या मागे आहे. तिथे काड्या इतक्या भरभर पडतात की थांबलेला क्षण डोळ्याला सापडत नाही, म्हणून ती ताशेवाल्याच्या मनगटाकडे बघते.