गणित ठेवायचे की जीवशास्त्र? दहावीच्या मुलामुलींना पत्र

प्रिय दहावीच्या मित्र-मैत्रिणींनो,



वाशीम जिल्ह्यातल्या एकाच शाळेतून आम्ही काही जण बरोबर दहावी झालो आणि मग पाच वाटांना गेलो. कुणी जीवशास्त्र घेतले, कुणी गणित, कुणी पॉलिटेक्निकला गेले, एक जण कॉमर्सला आणि एक बहीण कला शाखेला. आज ईदला भेटलो की प्रत्येकाला दुसऱ्याच्या वाटेतले काही तरी आपल्याकडे नसल्याचे जाणवते. कोणत्या वाटेवर काय मिळाले आणि काय सुटले, ते फॉर्म भरण्यापूर्वी तुमच्या कानावर घालावे म्हणून हे पत्र.

घरोघरी एकच सल्ला मिळतो : “सायन्स घे, म्हणजे सगळे दरवाजे उघडे राहतात.” हे अर्धे खरे आहे. बारावी सायन्सनंतर बी.ए., बी.कॉम. किंवा कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. बारावी कला किंवा वाणिज्यनंतर मात्र इंजिनिअरिंगला वा मेडिकलला जाता येत नाही. म्हणजे हा एकेरी रस्ता आहे. पण सायन्सच्या आतही एक फाटा आहे आणि त्याची चर्चा घरात फारच कमी होते. अकरावीच्या फॉर्मवर तुम्ही गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवता की एक सोडता, यावर ‘सायन्स’ या शब्दापेक्षा जास्त अवलंबून असते.

गणित सोडले तर इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर बंद होते. जीवशास्त्र सोडले तर एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी आणि बी.एस्सी. नर्सिंग बंद होते. बी.फार्म. आणि बी.एस्सी. ॲग्री यांना मात्र दोन्हींपैकी कोणताही गट चालतो. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ‘बायोलॉजी नाही म्हणजे शेतीचे शिक्षण नाही’ असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. आमच्यातला एक भाऊ गणित गटाचा. घरी सोयाबीन-तुरीची शेती. त्याने ऐकीव गोष्टीवर न जाता प्रवेशाची माहितीपुस्तिका स्वतः वाचली, म्हणून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा दरवाजा त्याला उघडा दिसला.

आता आमच्या एका बहिणीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. दहावीला तिला ८४ टक्के होते. डॉक्टर व्हायचे ठरले होते, म्हणून तिने गणित सोडले. वेळ वाचला आणि तो जीवशास्त्राला गेला. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे असतात, तेव्हा हा हिशेब बरोबरच होता. अडचण उरलेल्या ३६० गुणांची होती. ते भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे असतात आणि त्यांतली बरीच उदाहरणे गणितावरच चालतात. ज्याने गणित सोडले, त्यालाही लॉगॅरिदम, सदिश आणि थोडेफार कॅल्क्युलस भौतिकशास्त्रासाठी शिकावेच लागते, फक्त ते शिकवायला गणिताचा तास नसतो.

नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो. समजा, १८० पैकी १५० प्रश्न सोडवले, १०० बरोबर आले आणि ५० चुकले. मग ४०० मधून ५० वजा होऊन ३५० उरतात. अंदाजाने मारलेले ते ५० प्रश्न कोरे सोडले असते तर ४०० राहिले असते. पहिल्या वर्षी तिचे साधारण असेच झाले. दुसऱ्या वर्षी घरी थांबून तिने पुन्हा परीक्षा दिली. गुण वाढले, पण सरकारी जागा मिळेल इतके नाही, आणि खाजगी कॉलेजची फी अब्बांच्या आवाक्याबाहेरची होती. मग तिने सीईटीच्या जीवशास्त्र गटातून बी.फार्म. घेतले. गंमत म्हणजे बी.फार्म.च्या पहिल्या वर्षी गणित न घेतलेल्यांना गणिताचा आणि जीवशास्त्र न घेतलेल्यांना जीवशास्त्राचा पूरक विषय शिकावा लागतो. आज ती औषधांच्या क्षेत्रात कमावते आणि समाधानी आहे. हळहळ एकाच गोष्टीची : औषधांच्या चाचण्यांमागची संख्याशास्त्राची बाजू तिला आवडू लागली, पण त्या पदव्युत्तर शिक्षणासाठी लागणारा गणिताचा पाया बारावीलाच सुटलेला होता.

मग दोन्ही विषय ठेवावेत का? ठेवता येतात. किंमत अशी की बारावीला सहा विषयांपैकी चार जड होतात आणि प्रात्यक्षिकेही सांभाळावी लागतात. ज्याला दहावीचे बीजगणित मनापासून आवडत होते आणि डॉक्टर की इंजिनिअर हे खरोखरच ठरलेले नाही, त्याने पहिले वर्ष दोन्ही ठेवून पाहावे. ज्याला गणिताचा पेपर पाहून घाम फुटतो, त्याने केवळ ‘असू दे’ म्हणून ते ठेवू नये. बारावीचे टक्के त्यात बुडतात, आणि नीटमधून होणाऱ्या बऱ्याच प्रवेशांना भौतिक, रसायन, जीव मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि ओबीसीसह राखीव गटांना ४० टक्के लागतातच. सोडलेला विषय नंतर अजिबात मिळत नाही असेही नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीटसाठी पात्र ठरवले. पण त्यात एक वर्ष जाते, आणि प्रयोगशाळेची सवय घरी बसून लागत नाही.

मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्यांसाठी दुसरा फाटा भाषेचा आहे. अकरावी सायन्स बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवले जाते. काल ज्याला आपण ‘त्वरण’ म्हणत होतो ते आज ‘ॲक्सिलरेशन’ होते. मुलाला विषय येत असतो, शब्द येत नसतो. आमच्यापैकी दोघांचे पहिले तीन महिने यातच गेले. यावर उपाय म्हणजे दहावीची परीक्षा झाल्यावर निकालापर्यंत जो वेळ मिळतो, त्यात दहावीचेच विज्ञानाचे पुस्तक इंग्रजी माध्यमातले घेऊन वाचायचे. धडा ओळखीचा असतो, म्हणून शब्द आपोआप बसतात. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत आणि उर्दूतही मिळते. राज्याच्या सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मराठी-उर्दूत असतात, गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत असतो. गणित गट घेणाऱ्याने हे आधीच ध्यानात ठेवावे.

पॉलिटेक्निकला गेलेला आमचा भाऊ म्हणतो, त्याची वाट लोकांना दुय्यम वाटते, पण हिशेब करून पाहा. बारावीची २ वर्षे आणि इंजिनिअरिंगची ४, अशी ६ होतात. डिप्लोमाची ३ आणि नंतर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन पदवीची ३, हीही ६ होतात. फरक असा की डिप्लोमावाला मध्येच थांबला तरी हातात काम मिळवून देणारा कागद असतो. सरकारी कनिष्ठ अभियंता भरतीलाही तो चालतो. वाशीमलाच शासकीय तंत्रनिकेतन आहे, म्हणून वसतिगृहाचा खर्चही वाचू शकतो. सुटते काय? मेडिकलची वाट पूर्णपणे सुटते. आणि पंधरा-सोळाव्या वर्षीच सिव्हिल, मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल हे ठरवावे लागते. त्याने सिव्हिल घेतले; संगणकाची आवड नंतर लागली. ती हौस तो आज रात्री जागून भागवतो.

कॉमर्सवाल्या भावाला दहावीला ७९ टक्के असताना नातेवाईक विचारत, “सायन्स मिळाले नाही का?” त्याला हिशेब आवडत होता. अकरावीपासून पुस्तपालन शिकल्यामुळे बी.कॉम.ला तो पुढे राहिला. सायन्सकडून आलेले सोबती तेव्हा जमा-नावेपासून सुरुवात करत होते. सीए फाउंडेशन कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर देता येते, तरी पाया असलेल्याचा वेळ वाचतो. कला शाखेतली बहीण कायद्याकडे गेली. तिला मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र मन लावून वाचायला मिळाले, त्याचा आज लिखाणात उपयोग होतो. पण ती स्पष्ट सांगते : कलेत वेळ भरपूर मिळतो आणि तो कुणी भरून देत नाही. इंग्रजी स्वतः वाढवले नाही, तर पदवी हातात येते आणि पुढे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

एक गोष्ट शाखेची नाही, पण शाखेचा फायदा तिच्यावर अडतो. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी किंवा भटक्या-विमुक्तांच्या यादीत आहेत, पण शाळेच्या दाखल्यावर फक्त ‘मुस्लिम’ लिहिलेले असते. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा आणि विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा जुनी महसुली नोंद मिळवायला महिने लागतात. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. कागद नसेल तर ओबीसीची सवलत हातातून जाते. म्हणून जातीचा दाखला आता आणि जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीत. निकालानंतर धावू नका.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते, म्हणून पहिल्या क्रमांकावर मैत्रिणीचे कॉलेज लिहू नका. जिथे प्रयोगशाळा खरोखर चालते आणि घरून रोज जाता येते, ते लिहा. काही मुले नावापुरती एका कॉलेजात आणि दिवसभर दुसऱ्या शहरातल्या क्लासमध्ये असतात. अशा ठिकाणी प्रात्यक्षिकाच्या वहीत सही मिळते, पण हात प्रयोगाला लागत नाही, आणि हे पुढे पदवीच्या पहिल्या वर्षी उघडे पडते.

फॉर्म भरण्याआधी एवढे करा. ई-बालभारतीवर अकरावीची पुस्तके मोफत आहेत. भौतिकशास्त्राचा एक, जीवशास्त्राचा एक आणि पुस्तपालनाचा एक धडा आठ-आठ दिवस वाचा आणि स्वाध्याय सोडवा. मार्क देऊ नका. कोणत्या धड्यावरून उठावेसे वाटत नव्हते, ते फक्त लिहून ठेवा. मग तो कागद घेऊन अम्मी-अब्बांसमोर बसा. ‘मला आवडते’ एवढेच सांगण्यापेक्षा सोडवलेली वही दाखवली, तर घरातले बोलणे वेगळे होते.

निर्णय झाला की इस्तिखारा करा आणि मग मन लावून अभ्यासाला लागा. अल्लाह तुमचे इल्म वाढवो आणि ते तुमच्या घराच्या व लोकांच्या कामी येवो. आमीन.

तुमचेच,
शाळेचे काही माजी विद्यार्थी, वाशीम