शून्याचा पाठ

शून्य हा आकडा वाचायला सोपा, पण त्याचा अर्थ लावणे कठीण. मराठी नियतकालिकांतील लेख-परीक्षणांची एक सूची आम्ही काही जण मिळून राखतो. रोज रात्री एक प्रोग्रॅम ठरावीक संकेतस्थळांवरून फेरी मारतो आणि नव्या नोंदी गोळा करतो. पान उघडलेच नाही तर तो तक्रार करतो. पान उघडले, पण त्यात नोंद सापडली नाही, तर मात्र ‘फेरी पूर्ण, नोंदी ०’ एवढेच लिहून तो निमूटपणे थांबतो. त्याच्या लेखी रिकामी यादी हीदेखील यादीच असते.

गेल्या वर्षी एका रात्री दोन स्थळांपुढे शून्य उमटले. त्यांपैकी एक होते त्रैमासिकाचे. तिथे अंक निघेपर्यंत शून्यच येणार. दुसऱ्या, दैनिकाच्या स्थळावर मागील २८ फेऱ्यांत एकदाही ९ पेक्षा कमी नोंदी आल्या नव्हत्या. मध्यक १४ होता. आकडा एकच, परंतु पहिले शून्य त्या स्थळाचा स्वभाव होते आणि दुसरे स्वभावाविरुद्ध. आमचा इशारा केवळ दुसऱ्यासाठी वाजला.

साठवलेले पान आम्ही उघडून पाहिले. त्याचा आकार नेहमीइतकाच होता, शीर्षकेही डोळ्यांना दिसत होती. म्हणजे मजकूर होता, वाचन फसले होते. स्थळाची मांडणी नव्याने झाली होती आणि ज्या खुणेवरून प्रोग्रॅम शीर्षक ओळखत असे, तिचे नाव बदलले होते. पान अगदीच तोकडे निघाले असते, तर प्रवेश नाकारला गेल्याचा संशय घेतला असता. त्या स्थळावरील यादीतून जुनी शीर्षके महिन्याभरात उतरतात. तेवढ्या काळात हे कळले नसते, तर सूचीत कायमची पोकळी राहिली असती.

खरी पंचाईत होते ती मधल्या स्थळांची. रोज सरासरी २ नोंदी येत असतील आणि त्या एकमेकींवर अवलंबून नसतील, तर एखादी रात्र कोरी जाण्याची शक्यता १३-१४ टक्के असते. अशा प्रत्येक रात्री इशारा वाजू लागला, तर तो ऐकणारा कुणी उरणार नाही. सलग तीन कोऱ्या रात्रींची शक्यता मात्र साधारण चारशेत एक. म्हणून तिथे आम्ही तिसऱ्या शून्यापर्यंत थांबतो.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. संशयित रात्री तपासल्यावाचून इतिहासात मिसळायच्या नाहीत. २८ फेऱ्यांच्या इतिहासात पंधरा शून्ये शिरली की मध्यकच शून्य होतो, आणि बिघाड हाच स्थळाचा स्वभाव ठरतो. शिवाय चौदाच्या सात नोंदी झाल्या, तर हा नियम गप्पच राहतो. अर्धवट वाचन पकडण्यासाठी वेगळी कसोटी हवी.