आजीचं जांभूळ

आज शाळेच्या कुंपणालगत आजीच्या नावानं जांभूळ लावलं. तिची रक्षा नदीत सोडली नव्हती, पाऊस पडेपर्यंत मडक्यात जपून ठेवली होती. सगळी खड्ड्यातच घालावी, असं चुलत्यांचं म्हणणं. पण राख खारी असते, जास्त झाली की कोवळ्या मुळांना बाधते. म्हणून मूठभरच माती-शेणखतात कालवली, बाकीची वावरात पसरली. तिचं निम्मं आयुष्य तिथंच गेलं की!

मागच्या पावसाळ्यात इथंच आपण रोपं लावली, फोटो काढले. उन्हाळ्यात पाणी कुणी घालायचं हे मात्र ठरलंच नाही. बहुतेक वाळली. या वेळी आधी तेच ठरवलंय. दिवाळीनंतर दर रविवारी दोन बादल्या, पहिली पाळी माझी. शेळ्यांसाठी भोवती बाभळीच्या काट्या लावल्यात.

उन्हात पानं गळाली तर कुणी लगेच उपटू नका. नखानं साल जरा खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर पाणी घालत राहा.

बियांचं रोप आहे, फळाला आठ-दहा वर्षं लागतील. आज पहिलीत असलेली पोरं तोवर दहावीला असतील.