गुरू सिंहेत येण्याआधी

कुंभकोणम हे गाव आमच्या तीर्थयात्रा-पर्यटनाच्या मजकुरात एक चमत्कारिक गिऱ्हाईक आहे. दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरावरचा लेख वर्षभर एकाच चालीनं वाचला जातो. आलंगुडीच्या गुरुस्थळाचा लेख गुरू राशी बदलतो त्या आठवड्यांत उसळतो आणि नंतर झोपतो. तिरुनागेश्वरमचा राहू दीड वर्षानं एकदा जागा होतो. आणि महामहम कुंडावरचा लेख? तो बारा वर्षांतून एकदा.

त्यामुळे ‘सदाबहार मजकूर किती आणि प्रासंगिक किती’ याचं ऐंशी-वीसचं प्रमाण कुणी सांगितलं की मी फारसं मनावर घेत नाही. या गावात सगळं प्रासंगिकच आहे, पण पंचांगानं आधीच कळवलेलं. बातमीदाराला उद्या काय घडेल ते ठाऊक नसतं. आम्हाला २०२८ साली काय घडणार ते आजच माहीत आहे. गुरू सिंह राशीत असताना, तमिळ मासी महिन्यात, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच्या काळात, चंद्र मघा नक्षत्रात आला की महामहम. आपल्या नाशिकचा सिंहस्थही याच गुरूच्या सिंह राशीतल्या मुक्कामावर ठरतो. म्हणून नाशिक २००३, कुंभकोणम २००४. नाशिक २०१५, कुंभकोणम २०१६. आता नाशिक २०२७ आणि कुंभकोणम २०२८. मराठी वाचकाला हे सांगितलं की तो लगेच सावरून बसतो. (‘दर बारा वर्षांनी’ असं मात्र डोळे मिटून लिहू नये. गुरूला सूर्याभोवतीच्या एका फेरीला बारा वर्षांहून थोडा कमी वेळ लागतो. म्हणूनच हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ लाच आला.)

सध्या काम चाललंय ते २०१६ च्या लेखावर. मुख्य स्नान २२ फेब्रुवारीला, सोमवारी होतं, आणि लेखाची पहिलीच ओळ ‘येत्या सोमवारी’ अशी सुरू होते. जुना लेख हातात घेतला की मी आधी त्यातल्या ‘यंदा’, ‘येत्या’, ‘नुकतंच’, ‘सध्या’ या शब्दांखाली रेघा मारतो. रेघ असलेलं वाक्य नासकं. न नासणारं वेगळं काढायचं. या लेखात न नासणारं भरपूर निघालं: शंकराच्या बाणानं फुटलेल्या अमृतकुंभाची कथा, कुंडाच्या तळातल्या विहिरी, काठावरचे सोळा मंडप आणि ते बांधवणारा नायक राजांचा मंत्री गोविंद दीक्षित, शेजारच्या काशी विश्वनाथाच्या देवळातल्या नऊ नदीदेवता. पापं धुऊन धुऊन मळलेल्या नद्या इथं येऊन स्वतः शुद्ध होतात, ही कल्पना गोदाकाठच्या माणसाला न समजावता कळते. गेलं ते एवढंच: जादा गाड्या, वाहनतळ, त्या वेळचा बंदोबस्त.

एक परिच्छेद मात्र मी नव्यानं घातला. १८ फेब्रुवारी १९९२ च्या महामहमात कुंडाजवळ चेंगराचेंगरी होऊन पन्नासच्या आसपास माणसं गेली. सणाच्या तोंडावर लिहिताना हे अभद्र म्हणून गाळलं जातं. पण घरच्या आईवडिलांना घेऊन जायचं की नाही हे ठरवणाऱ्याला तीच माहिती आधी हवी असते. मुहूर्ताच्या घटकेला सगळ्यांना एकाच कुंडात उतरायचं असतं, अडचण तिथं आहे. ते सदाबहार भागातच असलं पाहिजे.

मग पत्त्याचा प्रश्न. जुना लेख `/mahamaham-2016/` या पत्त्यावर होता. इतक्या वर्षांत त्याला इतरांनी दिलेले दुवे त्याच पत्त्यावर येतात, आणि २०२८ साठी नवा लेख नव्या पत्त्यावर टाकला तर ही कमाई मागं राहते. शिवाय आपलेच दोन लेख शोधात एकमेकांशी भांडतात. म्हणून मोठा लेख साल नसलेल्या पत्त्यावर हलवला आणि जुन्या पत्त्यावर कायमचा फलक लावला:

```
Redirect 301 /mahamaham-2016/ /mahamaham/
```

२०१६ च्या रोजच्या बातम्यांना हात लावला नाही. त्या त्या सालाची नोंद आहेत. त्यांना तरुण करण्यात अर्थ नाही. नुसती तारीख बदलून जुनं नवं म्हणून खपवणं तर त्याहून वाईट. वाचक दुसऱ्या परिच्छेदात ओळखतो.

कुठला लेख जागवायचा हे ठरवायला मी सर्च कन्सोल उघडतो, पण मागच्या महिन्याशी तुलना करत नाही. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करतो, नाहीतर सण संपल्यावर प्रत्येक लेख आजारी दिसतो. क्रमांक तोच, पण दिसणंच कमी झालं असेल तर लोक ते शोधत नाहीयेत; लेखाला दोष देऊ नये. क्रमांक घसरला असेल तर दुसऱ्या कुणी अधिक चांगलं लिहिलंय. ते वाचून आपल्यात काय नाही ते भरायचं. दिसणं आणि क्रमांक शाबूत असून उघडणं घटलं असेल तर बहुधा शीर्षकच शिळं झालेलं असतं, आणि तिथं अख्खा लेख पुन्हा लिहायला बसणं हा वेळेचा अपव्यय. चालत्या लेखातला एखादा कंटाळवाणा भाग कापण्याआधी लोक कुठल्या प्रश्नावरून तिथं येतात हेही बघून घ्यावं. ‘दुपारी देऊळ बंद असतं का’ हा रुक्ष प्रश्न कित्येकदा अख्खा लेख ओढत असतो.

महामहमाच्या बाबतीत मात्र ही सगळी विद्या लंगडी पडते. सर्च कन्सोल फक्त सोळा महिन्यांचे आकडे ठेवतो, आणि हे पर्व बारा वर्षांचं. २०१६ मध्ये लोकांनी काय विचारलं होतं ते आता तिथं मिळणार नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या पर्वानंतर आकडे उतरवून ठेवायचे आणि सोबत एक साधं टिपण: काय विचारलं, कधी विचारलं, कुठल्या लेखानं दगा दिला. नाशिकचं टिपण पुढच्या माणसासाठी असतं. २०३९ च्या सुमारास या खुर्चीत मी नसेन.

आता वेळापत्रक. नाशिकची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये. त्या दिवसांत नाशिकच्या लेखाखाली महामहमाचा दुवा हवा, कारण गुरूची सिंह रास तेव्हा घराघरांत चर्चेत असेल. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीपर्यंत प्रवासाचा भाग पक्का पाहिजे. तो भाग लेखाच्या डोक्यावर वेगळ्या चौकटीत राहील, ‘अमुक तारखेला तपासलं’ अशा ओळीसकट. चौकट टाकायच्या तारखेसोबत ती काढायची तारीखही मी तेव्हाच लिहून ठेवतो. आलंगुडीच्या लेखात दरवर्षी हेच होतं: गुरुपालटाच्या आधी एक परिच्छेद चढतो, नंतर उतरतो, खालचं देऊळ तसंच.

या सगळ्या यादीत सर टी. माधवरावांवरचा लेख अगदी तळाशी पडून आहे. कुंभकोणमच्या मराठी घरात जन्मलेले, त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून १८७५ मध्ये बडोद्याला आलेले, सयाजीराव लहान असताना राज्य चालवणारे माधवराव. आकड्यांच्या हिशेबानं या लेखाला हात लावायचं कारण नाही, आणि नुसत्या प्रेमापोटी जागवलेले लेख पुन्हा झोपतात असा माझा अनुभव. पण त्यांचा जन्म १८२८ चा; द्विशताब्दी महामहमाच्याच वर्षी येते. तेव्हा त्याला मासीनंतरची जागा दिलीय, आणि बडोद्याच्या लेखातून दुवा.